‘कट्टा’ ते ‘मोंढापट्टी’: पॉडकास्टचं नाव शेवटी का ठरवायचं

प्रश्न: ताई, आम्ही दोघं मित्र लातूरचे. माझ्या वडिलांची मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आडत आहे, मित्राने कृषीची पदवी केलीय. नऊ महिन्यांपासून ‘आपला मराठवाडी कट्टा’ नावाचा पॉडकास्ट चालवतोय. 22 भाग झाले, प्रत्येक तास-सव्वा तासाचा. दर वेळी नवा पाहुणा असतो: कवी, स्पर्धा परीक्षा पास झालेला मुलगा, डॉक्टर, हॉटेलवाले. एखादा भाग 300 जण ऐकतात, एखादा 40. आता नाव आणि कव्हर बदलायचं ठरवलंय. डिझायनरने 12 हजार सांगितलेत. नाव इंग्रजी ठेवावं का? कव्हरवर आमचे फोटो घ्यावेत का? आणि जुन्या भागांचं काय करायचं?

उत्तर: ते 12 हजार महिनाभर खिशातच राहू द्या. आधी एक कोरा कागद घ्या आणि 22 ही भागांचे पहिल्या सात दिवसांचे आकडे क्रमाने एकाखाली एक लिहून काढा. मोठे आकडे झाकून फक्त लहान आकडे बघा. पहिल्या महिन्यातला सगळ्यात कमी ऐकला गेलेला भाग 40 चा, चौथ्या महिन्यातला 55 चा आणि आठव्या महिन्यातला 80 चा असेल तर शो हळूहळू का होईना, वाढतोय. तेव्हा नाव-कव्हराची चर्चा लगेच करता येईल. पण तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तळाचा आकडा पहिल्या दिवशी 40 होता आणि आजही 40 च आहे. तसं असेल तर ते 300 लोक त्या पाहुण्याचे होते. त्याने लिंक आपल्या नातेवाइकांना आणि मित्रांना पाठवली, त्यांनी ऐकलं, कौतुक केलं आणि निघून गेले. तुमचे म्हणता येतील असे श्रोते 40.

दुसरी खूण आलेखात दिसते. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्समध्ये आणि ॲपल पॉडकास्ट्स कनेक्टमध्ये प्रत्येक भागाला किती लोक कितव्या मिनिटापर्यंत टिकले ते दाखवणारी रेघ असते. गप्पांच्या शोमध्ये ती पहिल्या तीन-चार मिनिटांतच खाली येते, कारण तेवढा वेळ स्वागत, सूत्रसंचालन आणि ‘सबस्क्राइब करा’ यातच जातो. पुढे पाहुणा कितीही चांगला बोलला तरी ऐकायला माणूस उरलेला नसतो. ही रेघ तशी दिसली तर नवं कव्हर लावून फार तर पाच-दहा माणसं जास्त आत येतील, आणि तीही त्याच ठिकाणी बाहेर पडतील.

म्हणून माझ्याकडे कुणी नाव बदलायला आलं की मी आधी विचारते, पुढच्या रविवारी तुमचा भाग आला नाही तर कुणाचं काय अडेल? ‘कट्टा’ या नावात हाच दोष आहे. कट्ट्यावर कोणीही येतं, कशावरही बोलतं आणि चहा संपला की उठून जातं. नाव वाईट नाही, पण ते ऐकणाऱ्याला कसलाही शब्द देत नाही. गप्पा, कट्टा, पार, ओटा, चावडी ही सगळी नावं एकाच घरातली. मराठीत त्यांची इतकी गर्दी आहे की कुठला कट्टा कुणाचा हे चालवणाऱ्यालाच सांगावं लागतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्याकडे येते. वडिलांची मोंढ्यात आडत आहे, हे तुम्ही ओळख म्हणून लिहिलंत आणि पुढे गेलात. माझं बोट तिथेच अडकलं. लातूरचा मोंढा सोयाबीनसाठी राज्यभर ओळखला जातो. तुम्ही त्या आडतीच्या गादीवर बसून मोठे झालात. काटा, हमाली, मॉइश्चरचं मशीन, डागी माल, सौद्यात खरेदीदारांची चाललेली कुजबुज हे सगळं तुम्ही लहानपणापासून बघितलंय. आणि 22 भागांत त्यातलं अक्षरही नाही. मुलाखत द्यायला बाहेरून कवी बोलावलात, इकडे घरात लोखंडी पेटीभर हिशोबाच्या पट्ट्या पडून आहेत.

त्या पेटीतून शो काढायचा झाला तर पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते: रोजचे भाव सांगायचे. ते करू नका. सौदा निघाला की पाच मिनिटांत दर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतो. तुम्ही रेकॉर्ड करून, कापून, चढवेपर्यंत तो शिळा झालेला असतो. पॉडकास्ट या माध्यमाला वेगाची शर्यत जिंकताच येत नाही.

दुसरी कल्पना याहून मोहाची: माल विकावा की ठेवावा ते सांगू. हे वचन तर देऊच नका. एकदा तुमच्या सांगण्यावरून कुणी सोयाबीन चार महिने घरात ठेवलं आणि दर पडला, तर तो माणूस फक्त तुमचा शो सोडून थांबणार नाही, पारावर बसून चार जणांना कारण सांगेल. शिवाय तुम्ही आडत्याचे चिरंजीव. माल आला तर आडतीला काम, हे शेंबड्या पोराला कळतं. ‘आत्ता विका’ असं तुम्ही म्हटलंत, तर ते खरं असलं तरी कुणाला पटणार नाही.

उरते ती तिसरी गोष्ट, आणि ती शिळी होत नाही. शेतकरी माल घालून घरी येतो तेव्हा त्याच्या हातात हिशोबाची पट्टी असते. वजन, दर, हमाली, तोलाई, कपात आणि खाली हातात पडलेली रक्कम. घरी येऊन तो चष्मा लावून ती दोनदा बघतो आणि घडी करून खिशात ठेवतो, कारण त्यातला एखादा आकडा कुठून आला हे त्याला नक्की ठाऊक नसतं आणि विचारायला संकोच वाटतो. हा संकोच तुम्हाला दूर करता येतो. मी तुमच्या जागी असते तर शोचं वचन एवढंच लिहिलं असतं:

*पट्टीतला एकेक आकडा कुठून आला, ते वीस मिनिटांत उलगडून सांगू.*

यात कुणासाठी, काय आणि किती वेळात, हे तिन्ही आलं. ‘शेतकऱ्यांचं प्रबोधन’ किंवा ‘मराठवाड्याचा आवाज’ असल्या शब्दांना माझा विरोध एवढ्याचसाठी आहे की ते पाळले की मोडले हे तपासताच येत नाही. हे वचन मोडलं तर मात्र ऐकणाऱ्याला त्याच दिवशी कळेल, आणि तसंच असायला हवं.

आडत्याचा मुलगा असणं लपवायचं की सांगायचं, हा तुमच्या शोचा सगळ्यात नाजूक भाग आहे. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्याच वाक्यात सांगा. ‘मी आडत्याचा मुलगा. आज आपण एक पट्टी वाचू.’ लपवलंत तर तिसऱ्या भागाला कुणीतरी खाली लिहील आणि तो शिक्का कायमचा बसेल. सांगितलंत तर तेच तुमचं बळ होतं, कारण पट्टीच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस ती वाचून दाखवतोय. पण मग काही बंधनं पाळावी लागतील. स्वतःच्या आडतीची पट्टी शोमध्ये घ्यायची नाही. कुठल्याही पट्टीवरच्या आडतीचं नाव वाचायचं नाही. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल आणि बँकेचा खाते क्रमांक झाकूनच फोटो ठेवायचा, आणि त्याची परवानगी व्हॉइस मेसेजवर घेऊन जपून ठेवायची. वडिलांशी हे बोलून घ्या आधी. मोंढ्यात त्यांना रोज बसायचंय, तुम्हाला आठवड्यातून एकदा.

आता साचा. वचन ठरलं की साचा फार शोधावा लागत नाही: एक भाग, एक पट्टी. मित्राकडे शेतीचं शिक्षण आहे, तुमच्याकडे मोंढ्याचं. तो प्रश्न विचारेल, तुम्ही पट्टी वाचाल. सुरुवातीच्या वीस सेकंदांत तीन आकडे सांगायचे: किती क्विंटल घातलं, काय दर लागला, हातात काय पडलं. स्वागत वगैरे नंतर, आणि खरं तर नकोच. मग वरून खाली एकेक ओळ. शेवटी मित्र एकच प्रश्न विचारेल: ‘मग यातला कुठला आकडा मोंढ्यात जायच्या आधी घरीच बदलता आला असता?’ प्रत्येक भाग या एका प्रश्नावर संपला की दहाव्या भागापर्यंत ऐकणारा त्याची वाटच बघू लागतो.

एका भागाचा नमुना करून बघू, म्हणजे साचा वीस मिनिटं तोलतो का ते कळेल. विषय ओलावा. समजा पट्टी 20 क्विंटल सोयाबीनची आहे, मशीनवर 14 टक्के ओलावा आला आणि दर लागला 4,350. त्याच दिवशी 12 टक्क्यांच्या मालाला 4,500 होता. शेतकरी म्हणतो, 150 रुपये कापले, लुटलं. आता मित्राने हिशोब मांडायचा. 14 टक्के ओलाव्याच्या 20 क्विंटलमध्ये कोरडा माल 17.2 क्विंटल. तोच माल वाळवून 12 टक्क्यांवर आणला तर वजन साधारण 19.55 क्विंटल भरेल, म्हणजे 45 किलो वजन उन्हात उडून जाईल. ओला विकला तर 87,000 रुपये. वाळवून विकला तर जवळपास 87,950. फरक साडेनऊशे रुपयांचा, आणि त्यातून पसरायची, गोळा करायची, पुन्हा पोती भरायची मजुरी जायचीय. घरची माणसं असतील तर वाळवणं थोडंफार परवडलं, मजूर लावले तर बहुधा नाही. दर 4,200 लागला असता तर गणित उलटं झालं असतं. मग 12 हा आकडा आला कुठून, हे तुम्ही सांगायचं: हमीभावाच्या खरेदीतली ती मर्यादा आहे, आणि 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती, म्हणून अजून पुष्कळांचा गोंधळ होतो.

बघा, या भागात कुणी आडत्याला शिव्या घातल्या नाहीत, कुणी त्याची बाजूही घेतली नाही. ऐकणाऱ्याला मात्र घरी करता येण्यासारखा एक हिशोब मिळाला. असे किती भाग निघतील? माती-काडीची कपात, डागी माल, पोत्याचं वजन, दोन काट्यांतला फरक, उशिरा आलेले पैसे, तूर आणि हरभऱ्याच्या पट्टीत वेगळं काय असतं. पणन मंडळाच्या तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने उचल मिळते, तिचाही कागद एक प्रकारची पट्टीच. पहिल्या हंगामाला वीसेक भाग आरामात निघतात. त्या पलीकडे साचा ताणला जाईल, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. विषय संपत आले की एखादा कवी पुन्हा बोलवावासा वाटतो. त्यापेक्षा हंगाम संपवा.

हंगाम हा शब्द मी इथे मुद्दाम वापरतेय. ‘दर आठवड्याला, वर्षभर’ असं वचन देऊ नका. पट्टी हा विषय लोकांच्या डोक्यात असतो तो दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघाल्यापासून तूर घालून होईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेवढेच महिने दर रविवारी संध्याकाळी भाग द्या आणि पहिल्या भागातच सांगा की आम्ही फेब्रुवारीअखेर थांबणार, पुढच्या दसऱ्याला परत येणार. एक अडचण तुम्हाला ठाऊकच असेल, तरी सांगते. तुमच्या श्रोत्याला तुमची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तुमच्या आडतीवर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तुम्ही रेकॉर्डिंग करूच शकणार नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या पट्ट्यांवरचे सात-आठ भाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करून ठेवा. तेवढे हातात नसतील तर सुरूच करू नका. चौथ्या रविवारी भाग आला नाही की वचन तिथेच मोडतं.

एवढं ठरल्यावर नाव. इंग्रजी नावाचा मोह मला कळतो, पण तुमचा श्रोता दुसऱ्याला शोबद्दल मराठीत सांगणार आहे, आणि मराठी बोलताना नावाला प्रत्यय लागतो. ही माझी पहिली चाचणी. नावाला ‘त’, ‘च्या’, ‘ला’ लावून वाक्यं बोलून बघा. ‘कट्ट्यावर ऐकलं’ हे सहज येतं. पण शोचं नाव ‘चला बोलू या’ असं वाक्यासारखं असेल तर ‘चला बोलू यामध्ये ऐकलं’ असं तोंडात अडकतं, आणि मग माणूस नावच घेत नाही. ‘ते लातूरचं एक पॉडकास्ट आहे बघा’ म्हणतो. नाव गेलं की शोध गेला.

दुसरी चाचणी फोनवरची. पाच जणांना फोन करा, नाव एकदाच सांगा आणि त्यांना ते मोबाईलवर टाइप करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. मराठवाड्यात देवनागरीत टाइप करणारे आहेत तसे रोमनमध्ये शोधणारेही ढिगाने आहेत, त्यामुळे एका नावाची चार स्पेलिंगं निघतात. दोन-तीन निघाली तर हरकत नाही, पाच जणांची पाच वेगळी निघाली तर नाव सोडा.

नुसतं ‘मोंढा’ हे नाव मला आवडलं असतं. हा आपला शब्द आहे. पुण्याकडचा माणूस मार्केट यार्ड म्हणेल. पण शोधायला गेलं की अडचण. आपल्याकडे गावोगावी जुना मोंढा, नवा मोंढा आहे, दुकानांचे पत्ते आहेत आणि यूट्यूबवर बाजारभावाचे व्हिडिओ रोज पडतात. तुमचा शो त्या ढिगाखाली जाईल. नुसतं ‘पट्टी’ म्हटलं तर जखमेच्या पट्टीपासून गाण्याच्या पट्टीपर्यंत काहीही येईल. दोन्ही जोडले की ‘मोंढापट्टी’. मोंढ्यातून आलेली पट्टी. शब्द कानाला ओळखीचा, पण शोधात एकटा पडण्यासारखा. ‘मोंढापट्टीत ऐकलं’, ‘मोंढापट्टीला पाठव’ असे प्रत्ययही निमूट लागतात. मी आमच्या घरी पाच जणांवर चाचणी घेतली तर `mondhapatti`, `mondha patti` आणि `modhapatti` अशी तीन रूपं आली. पहिली दोन शोच्या वर्णनात एकेकदा सहज वाक्यात घाला. शोच्या नावापुढे शोधशब्दांची माळ मात्र लावू नका. ‘मोंढापट्टी | सोयाबीन भाव लातूर शेतकरी’ असं केलेलं ॲपलला चालत नाही, आणि त्यावरून शो नाकारला जाऊ शकतो.

मी हे नाव सुचवलं म्हणून तेच घ्या असं नाही. वडिलांना विचारा. त्यांनी नाक मुरडलं तर का मुरडलं ते नीट ऐका. मोंढ्यातल्या माणसाच्या कानाला एखादा शब्द कसा लागतो हे मला संभाजीनगरात बसून कळणार नाही.

नावात गाव-जिल्हा घालू नका, हे सांगताना माझाच फजितीचा अनुभव आठवतो. 2019 मध्ये मी एका शोच्या नावातच शहराचं नाव घेतलं होतं. 2023 मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. जुनं ठेवलं तर एका बाजूचे लोक विचारायचे, नवं घेतलं तर दुसऱ्या बाजूचे, आणि शोचा विषय होता बागकाम! शेवटी सगळंच बदलावं लागलं.

नाव पक्कं झालं की स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर दोन्ही लिप्यांत शोधून बघा. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध फुकट घेता येतो. मनोरंजन आणि शिक्षण 41 व्या वर्गात येतं, आणि व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. पहिल्या हंगामात ते करायची घाई नाही. एक हंगाम टिकलात तर करा.

आता कव्हर. फोटो नकोत. तुमचे चेहरे वाईट म्हणून नाही; अजून ते कुणी ओळखत नाही, आणि नखाएवढ्या चौकोनात दोन चेहरे म्हणजे दोन ठिपके. मायक्रोफोन आणि हेडफोनचं चित्रही नको. पॉडकास्ट ॲपमध्ये बसून हा पॉडकास्ट आहे असं सांगणं म्हणजे एसटीवर ‘ही एसटी आहे’ असं लिहिणं. बैलजोडी, नांगर, उगवता सूर्य, हिरवं शेत हेही नको, ते बियाण्याच्या पिशवीवर असतं. तुमच्याकडे पट्टी आहे, ती वापरा. पट्टीच्या कार्बनच्या प्रतीचा गुलाबी किंवा पिवळा कागद हा रंग मोंढ्यात जाणारा माणूस अर्ध्या सेकंदात ओळखतो. त्या रंगाचा सपाट चौकोन, त्यावर काळ्या जाड अक्षरात नाव, आणि खाली आडवी एक तुटक रेघ, जिथून पट्टी फाडतात. बस.

मूळ फाइल 3000 बाय 3000 पिक्सेलची करा. ॲपलला किमान 1400 लागतात आणि चित्र चौकोनी हवं. पण डिझायनर ती मोठ्या पडद्यावर दाखवेल तेव्हा भुलू नका. त्याला तेच चित्र 60 पिक्सेलचं करून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा आणि ते न वाढवता आईला दाखवा. तिने चष्म्याशिवाय नाव वाचलं तर पास.

इथे देवनागरीचे स्वतःचे प्रश्न येतात, आणि इंग्रजी कव्हरं बघून शिकलेल्या डिझायनरला ते दिसत नाहीत. ‘मोंढापट्टी’ एका ओळीत लिहिलं तर अक्षरं बारीक होतात, म्हणून दोन ओळी: वर ‘मोंढा’, खाली ‘पट्टी’. ‘मों’वरचा अनुस्वार मात्रेला चिकटून लहान आकारात एकच गोळा होतो, तो टिंब थोडा मोठा आणि सुटा हवा. ‘ट्टी’मध्ये काही फाँट एका ‘ट’खाली दुसरा ‘ट’ ठेवतात. ते सुंदर दिसतं, पण लहान झालं की आतली पोकळी भरून जाते. त्याऐवजी पाय मोडलेला सरळ ‘ट्‌टी’ परवडतो, शाळेच्या फळ्यासारखा दिसला तरी. दुसऱ्या ओळीची वेलांटी पहिल्या ओळीला टेकू नये एवढं अंतर सोडायला सांगा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ या फाँटांची जाड वजनं अशा कामाला चांगली आहेत आणि ती मोफत मिळतात. गावातल्या डीटीपीच्या दुकानात करून घेणार असाल तर आणखी एक काळजी: तिथे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करतात. चित्रात ते चालून जाईल, पण तोच मजकूर शोच्या नावाच्या रकान्यात चिकटवला तर तिथे भलतीच चिन्हं उमटतील. नाव आणि वर्णन मोबाईलच्या साध्या मराठी कीबोर्डवर स्वतः टाइप करा, आणि होस्टिंगच्या अर्जात भाषेचा पर्याय मराठी निवडला आहे ना ते बघा.

एवढ्या कामाला 12 हजार जास्त होतात. कल्पना तुमची आहे, अक्षरं नीट बसवायचं काम त्याचं. अडीच-तीन हजारांत कुणी मन लावून करेल.

भागांच्या शीर्षकांचं थोडक्यात. मोबाईलवर सुरुवातीचेच काही शब्द दिसतात, म्हणून ‘भाग 7 : मोंढापट्टी विशेष’ असं लिहून जागा घालवू नका. ‘14 टक्के ओलावा: 150 कापले ते बरोबर का?’ असं लिहा. भाग क्रमांकाला वेगळा रकाना असतो.

बोली कशी ठेवायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण जुना एक भाग मी ऐकला. तुम्ही पाहुण्याशी पुस्तकी बोलता आणि मध्येच मित्राशी ‘काय करायलाव बे’ म्हणता. तो दुसरा माणूस शोमध्ये हवा. फक्त बोली दाखवायची म्हणून बोलू नका. रील्समध्ये मराठवाडी बोली हसवायला वापरतात, आणि पैशांचा हिशोब कुणी विनोदवीराकडून समजून घेत नाही. घरी बोलता तसं बोला.

राहिले जुने 22 भाग. जुन्याच फीडचं नाव बदलून त्यावर नवा शो चालवणं शक्य आहे, आणि हजारभर नियमित श्रोते असते तर मी तेच सांगितलं असतं. पण तुमचे 40 जण गप्पा ऐकायला आले होते, आणि नव्या माणसाने ‘मोंढापट्टी’ उघडून खाली बघितलं तर कवी आणि हॉटेलवाले दिसतील. वचन तिथेच फाटलं. म्हणून नवं फीड काढा. ‘कट्टा’ पुसू नका, त्यात लोकांनी वेळ दिलाय. त्यावर दोन मिनिटांचा शेवटचा भाग टाका: आम्ही थांबतोय, नवं काम अमुक नावाने सुरू होतंय. नव्या फीडवर पहिल्या भागाच्या दहा दिवस आधी मिनिटभराचा ट्रेलर चढवा. ॲपल आणि स्पॉटिफायवर शो नोंदवायला आणि दिसायला वेळ लागतो, तो त्यात निघून जाईल. पुढे कधी कव्हर बदललंत तर चित्राच्या फाइलचं नावही बदला, नाहीतर ॲपमध्ये कित्येक दिवस जुनंच चित्र दिसत राहतं.

हे जमतंय की नाही ते आठव्या भागानंतर बघा, त्याआधी नाही. पुन्हा तोच कागद काढा आणि तळाचा आकडा बघा. पण या शोत त्याहून बोलकी खूण आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी एक वेगळा व्हॉट्सॲप नंबर द्या, घरचा नको. त्यावर ‘छान भाग’ असे मेसेज किती आले ते मोजू नका. न मागता, ‘दादा, ही माझी पट्टी बघा, यात हे 62 रुपये कशाचे?’ असं विचारत पट्टीचे फोटो किती आले ते मोजा. आठ भागांत असे दहा फोटो आले तर दुसऱ्या हंगामाचे भाग तुमच्याकडे आपोआप जमा व्हायला लागलेत. एकही आला नाही तर साचा तपासा: बहुधा तुम्ही पट्टी वाचायच्या ऐवजी भाषण द्यायला लागलेले असाल.

या रविवारी दुसऱ्या कुणाची, म्हणजे मामाची किंवा शेजाऱ्याची, एक जुनी पट्टी मागून घ्या. मोबाईलवरच, खिडक्या बंद करून, पंखा थांबवून, वीस मिनिटं बोलून बघा. नाव, कव्हर, ट्रेलर काही नको. ते रेकॉर्डिंग अशा एका शेतकऱ्याला ऐकवा ज्याने तुमच्या आडतीवर कधीच माल घातलेला नाही, आणि तो कुठल्या मिनिटाला ‘थांब, हे परत सांग’ म्हणतो ते लिहून ठेवा.